टिक व्हॉल्यूम: भाव किती वेळा हलला आणि पैसा किती हलला

EUR/USD चा तासाचा चार्ट उघडून खाली व्हॉल्यूमच्या दांड्या लावल्या आणि एका दांडीवर कर्सर नेला, की ५,२०० असा काहीसा आकडा दिसतो. नवखा माणूस त्याला ५,२०० लॉट समजतो किंवा ५,२०० सौदे. तो यांपैकी काहीच नसतो. त्या एका तासात तुमच्या ब्रोकरच्या सर्व्हरने तुमच्याकडे ५,२०० वेळा नवा भाव पाठवला, एवढाच त्याचा अर्थ. भावाच्या अशा प्रत्येक बदलाला टिक म्हणतात. त्यातल्या एका बदलामागे दहा कोटी युरोचा सौदा असू शकतो, आणि दुसऱ्यामागे कुठल्याशा बँकेच्या संगणकाने आपला भाव एका पॉइंटने सरकवला यापलीकडे काही नसू शकते. मोजणीत दोघांची किंमत सारखीच, एक.

खरा आकडा मिळत नाही याचे कारण साधे आहे. चलनांच्या हजर बाजाराला एकच एक एक्स्चेंज नाही. सौदे बँकांमध्ये परस्पर होतात, काही इलेक्ट्रॉनिक मंचांवर होतात, काही ब्रोकरच्या स्वतःच्या वहीतच मिटतात. या सगळ्यांची बेरीज दर मिनिटाला छापणारी यंत्रणा जगात कुठेच नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी उलाढालीची पाहणी करते. एप्रिल २०२२ च्या पाहणीत ती दिवसाला सुमारे ७.५ लाख कोटी डॉलर निघाली. पण तीन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या आकड्यावरून आज दहा वाजताच्या कँडलबद्दल काही कळत नाही. म्हणून टिक मोजायची वेळ येते.

टिक अगदीच निरुपयोगी असते असेही नाही. कोणी बाजारभावाने खरेदी केली की समोरचा विक्रीचा भाव संपतो, भाव देणारे आपापले आकडे बदलतात आणि त्या बदलांच्या टिक तुमच्यापर्यंत येतात. सौदे वाढले की सहसा टिकही वाढतात. अडचण त्या 'सहसा'मध्ये आहे, आणि ते कुठे तुटते हे स्वतः तपासता येते. खाली ती तपासणी पायरीपायरीने दिली आहे. उदाहरण EUR/USD चे आणि मेटाट्रेडर ५ चे घेतले आहे.

आधी दांडी नीट वाचा

मेटाट्रेडरच्या `Volumes` इंडिकेटरमध्ये दांड्या हिरव्या आणि लाल दिसतात. हिरवी म्हणजे खरेदी आणि लाल म्हणजे विक्री, असा समज फार पसरलेला आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. आधीच्या दांडीपेक्षा ही दांडी मोठी असेल तर ती हिरवी, लहान असेल तर लाल. भाव शंभर पिप कोसळलेल्या कँडलखालीही हिरवी दांडी असू शकते. टिकमध्ये खरेदीदार कोण आणि विक्रेता कोण ही माहितीच नसते, त्यामुळे रंगातून ती निघणार कुठून?

इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये `Tick` आणि `Real` असे दोन पर्याय असतात. हजर चलनजोडीवर `Real` निवडले तर साधारणपणे सगळीकडे शून्य दिसते. शून्याऐवजी आकडे आले तर ते ब्रोकरच्या स्वतःच्या ग्राहकांचे किंवा त्याला भाव पुरवणाऱ्यांचे असतील. त्यांनाही बाजाराची एकूण उलाढाल समजू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. चालू कँडलची दांडी अपुरी असते. दहा वाजून बारा मिनिटांनी 'व्हॉल्यूम कमी आहे' असे म्हणण्यात अर्थ नाही; कँडल बंद होऊ द्या.

पायरी १: आकडे बाहेर काढा

`Ctrl+U` दाबून सिम्बॉलची खिडकी उघडा, `EURUSD` निवडा आणि `Bars` टॅबवर जा. कालावधी `H1` ठेवा, सहा महिन्यांच्या तारखा द्या, `Request` दाबा आणि मग `Export Bars`. मिळालेली फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की स्तंभ या क्रमाने येतात:

```
A DATE  B TIME  C OPEN  D HIGH  E LOW  F CLOSE  G TICKVOL  H VOL  I SPREAD
```

आपल्याला G हवा. पल्ला, म्हणजे कँडलच्या वरच्या आणि खालच्या टोकांतले अंतर, त्यासाठी D आणि E लागतील.

पुढे जाण्याआधी सर्व्हरची वेळ कोणती आहे ते बघून घ्या. बरेच ब्रोकर न्यूयॉर्कच्या वेळेत सात तास मिळवून सर्व्हर चालवतात, म्हणजे न्यूयॉर्कला संध्याकाळी ५ वाजता बाजाराचा दिवस संपतो तेव्हा सर्व्हरवर मध्यरात्र होते. ओळखायची खूण अशी: वर्षभर शुक्रवारची शेवटची तासाची कँडल २३:०० ला सुरू होत असेल आणि रविवारची छोटी दिवसाची कँडल कुठेच नसेल, तर तुमचा सर्व्हर त्याच पद्धतीचा. पुढच्या सगळ्या वेळा हे धरून दिल्या आहेत.

पायरी २: घड्याळ वजा करा

टिकच्या कच्च्या आकड्यांतली सर्वांत मोठी चढउतार बाजारातल्या घडामोडींमुळे होत नाही, ती घड्याळामुळे होते. आशियाई सत्रात युरो मंद असतो, लंडन उघडले की टिक वाढतात, लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही चालू असताना कळस होतो, रात्री सगळे ओसरते. हे रोज होते. १० वाजताची दांडी ९ च्या दांडीपेक्षा दुप्पट आहे, यात बातमी काहीच नाही. लंडनची कार्यालये उघडली एवढेच.

म्हणून प्रत्येक कँडलची तुलना शेजारच्या कँडलशी करायची नाही. गेल्या वीस दिवसांतल्या त्याच तासाशी करायची. J स्तंभात तास काढा:

```
=HOUR(B2)
```

मग K स्तंभात, ४८२ व्या ओळीपासून खाली:

```
=G482/MEDIAN(IF(J2:J481=J482,G2:G481))
```

४८० ओळी म्हणजे वीस दिवसांचे तास. एक्सेलच्या जुन्या आवृत्तीत हे सूत्र `Ctrl+Shift+Enter` ने भरावे लागते. सरासरीऐवजी मध्यक घेण्याचे कारण असे, की एखाद्या दिवशी व्याजदराचा निर्णय आला आणि त्या तासात टिक पाचपट झाल्या, तर सरासरी पुढचे वीस दिवस फुगलेली राहते. मध्यक ढळत नाही.

K मध्ये १ आले तर तो तास नेहमीसारखा, १.५ आले तर नेहमीच्या दीडपट गडबड. यापुढे टिक व्हॉल्यूमबद्दल जे काही बोलायचे ते याच आकड्यावर.

यातही एक खड्डा आहे. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडनचे सकाळचे ८ सर्व्हरवर १० ऐवजी ११ वाजता येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतच्या आठवड्यातही तसेच. त्या दिवसांत १० ची कँडल 'कमकुवत' आणि ११ ची 'जोरदार' दिसते, आणि त्यावरून लोक बाजाराच्या बदललेल्या स्वभावाबद्दल लांबलचक निष्कर्ष काढतात. हे आठवडे सरळ वगळा.

पायरी ३: पल्ला वजा करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळी गोम इथेच आहे.

'ब्रेकआउटला व्हॉल्यूमची साथ हवी' हा नियम शेअरबाजारातून आलेला आहे. तिथे भाव आणि उलाढाल या दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात, म्हणून एकाने दुसऱ्याची साक्ष देण्याला अर्थ असतो. टिक व्हॉल्यूम मात्र भावाच्या हालचालींचीच मोजणी आहे. भाव चाळीस पिप चालला, तर तो चालताना टिक पडणारच. मोठी कँडल आणि तिच्याखाली मोठी दांडी हे दोन साक्षीदार नव्हेत; एकच साक्षीदार दोनदा बोलतो आहे.

त्यामुळे विचारायचा प्रश्न असा: एवढ्या पल्ल्याच्या कँडलला जितक्या टिक लागतात, त्याहून जास्त पडल्या का? L स्तंभात पल्ला पिपमध्ये काढा आणि M मध्ये तोही त्याच तासाच्या मध्यकाने भागा:

```
=(D2-E2)*10000
=L482/MEDIAN(IF(J2:J481=J482,L2:L481))
```

आता K आणि M शेजारीशेजारी बघा. K १.५ आणि M १.६ असेल, तर टिकने पल्ल्यापेक्षा वेगळे काहीच सांगितलेले नाही. K १.५ आणि M ०.९ असेल, तर थोडे थांबून बघण्यासारखे आहे, कारण भाव फारसा न चालता बरीच वळवळ झाली. चलनांच्या चार्टवर टिकमधून काही नवे कळत असेल, तर ते या दुसऱ्या प्रकारच्या कँडलमध्ये.

पायरी ४: जिथे सौदे खरोखर मोजले जातात तिथे जा

शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवर युरोचे फ्युचर्स चालतात, चिन्ह `6E`. एक करार १,२५,००० युरोचा. तिथे प्रत्येक सौदा एकाच वहीत नोंदला जातो, म्हणून तासाचे व्हॉल्यूम हे खरेच हात बदललेल्या करारांची संख्या असते. हजर बाजारापुढे हा बाजार लहान आहे हे खरे, पण दोन्हीकडचे भाव एकमेकांना बांधलेले असतात आणि मोठे खेळाडू दोन्हीकडे असतात. पूर्ण मोजणी जिथे शक्यच नाही, तिथे प्रामाणिकपणे मोजलेला एक कोपरा म्हणून तो पुरतो.

चार्टच्या अनेक संकेतस्थळांवर हा `6E1!` नावाने, थोड्या उशिराने दिसतो. चार्टची वेळ न्यूयॉर्कची ठेवा आणि सात तास मिळवा, म्हणजे तुमच्या ओळींशी जुळेल. तीन ठिकाणी मात्र सांभाळावे लागते.

न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ ते ६ या वेळात सीएमई रोज बंद असते, म्हणजे सर्व्हरवरची ००:०० ची कँडल. त्या तासाची तुलना होऊच शकत नाही, ती ओळ काढून टाका.

मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये करार संपतो. तो संपण्याच्या आधीच्या आठवड्यात लोक जुना करार सोडून पुढच्या महिन्याचा घेतात. त्या अदलाबदलीचे करार दोन्ही महिन्यांच्या व्हॉल्यूममध्ये मोजले जातात, पण त्यामागे युरो वर जाईल की खाली याबद्दल कोणाचे काही मत नसते. ते आठवडेही वगळा.

येनसाठी हेच करायचे असेल तर लक्षात ठेवा की `6J` चा भाव उलटा असतो, एका येनला किती डॉलर असा. व्हॉल्यूमला त्याने फरक पडत नाही, पण कँडल वरची की खालची हे पाहताना गोंधळ होतो.

फ्युचर्सच्या व्हॉल्यूमलाही K सारखेच त्याच तासाच्या मध्यकाने भागा आणि N स्तंभात ठेवा. मग K आणि N या दोन्हींचे `RANK.AVG` ने क्रमांक काढून त्या क्रमांकांवर `CORREL` चालवा. क्रमांक घ्यायचे कारण असे, की दोन-चार प्रचंड कँडल सगळा निकाल आपल्याकडे ओढून नेतात.

हाच हिशेब एकदा कच्च्या आकड्यांवरही करून बघा. तिथला सहसंबंध बराच जास्त निघेल. टिक व्हॉल्यूम खऱ्या व्हॉल्यूमशी 'जवळजवळ तंतोतंत जुळते' असे जे ठासून सांगितले जाते, त्यात पुष्कळ वाटा या घड्याळाचा असतो: दोन्ही रात्री झोपतात आणि दुपारी जागे असतात. दोन दुकाने रोज एकाच वेळी उघडतात, म्हणून त्यांचा गल्ला सारखा होतो असे कोणी म्हणत नाही.

शेवटची गाळणी लावा: फक्त M ०.८ ते १.२ मधल्या, म्हणजे नेहमीच्याच पल्ल्याच्या कँडल निवडा आणि सहसंबंध पुन्हा काढा. टिकचे स्वतःचे असे जे काही ज्ञान आहे, ते इथे उरलेल्या आकड्यात आहे. तो शून्याजवळ असेल, तर तुमच्या ब्रोकरच्या त्या जोडीवरच्या दांड्या म्हणजे पल्ल्याचेच दुसरे चित्र आहे. त्या काढून टाकल्या तरी काही बिघडत नाही. जोडी बदलली, ब्रोकर बदलला, की हिशेब नव्याने.

तीन कँडल, आकड्यांसह

रीत कळावी म्हणून नमुन्याचे आकडे घेऊ.

मंगळवार, १० ची कँडल. भावाने कालचा उच्चांक ओलांडला, खाली मोठी हिरवी दांडी. टिक ७,८००, त्या तासाचा मध्यक ५,२००, म्हणून K १.५. पल्ला ३८ पिप, नेहमीचा २४, म्हणून M सुमारे १.६. एका पिपमागे टिक बघा: आज २०५, एरवी २१७. म्हणजे भाव लांब गेला म्हणून टिक वाढल्या, उलट पिपमागे त्या किंचित कमीच पडल्या. फ्युचर्समध्ये त्या तासाला ९,००० करार झाले, नेहमीचे १०,०००, N ०.९. चार्टवर 'व्हॉल्यूमसकट ब्रेकआउट' दिसतो आहे. प्रत्यक्षात नेहमीपेक्षा थोड्या कमीच पैशाने भाव जास्त लांब ढकलला गेला. पलीकडे विक्रीचे आदेश विरळ होते. हा ब्रेकआउट फसेलच असे यातून सिद्ध होत नाही, पण 'व्हॉल्यूमने दुजोरा दिला' हे वाक्य आता लिहिता येणार नाही.

त्याच दिवशी १३ ची कँडल. पल्ला ९ पिप, एरवीचा १५. टिक २,९००, मध्यक ३,०००, K सुमारे ०.९७. चार्ट पाहणारा म्हणेल, जेवणाची वेळ, काही घडले नाही. फ्युचर्समध्ये मात्र १६,००० करार, एरवी ८,०००. म्हणजे एकट्या फ्युचर्समध्ये दोनशे कोटी युरोचे हात बदलले आणि भाव नऊ पिपांत अडकून राहिला. कोणीतरी मोठा एका भावाला ठाण मांडून येईल ते घेत होता. दिवसातली सर्वांत महत्त्वाची कँडल हीच असू शकते, आणि टिकच्या दांडीत ती दिसतच नाही. (टिकमध्ये पुसट खूण आहे: M ०.६ असूनही K जवळजवळ १ आहे. पायरी ३ केली असती तर नजर थबकली असती.)

रात्री ००:०० ची कँडल. टिक २,६००, मध्यक १,३००, K सरळ २. पल्ला ६ पिप. 'रात्री कोणीतरी माल गोळा करतो आहे' अशी कथा रचायला उत्तम जागा. आता `Ctrl+U` च्या त्याच खिडकीत `Ticks` टॅबवरून त्या तासाच्या टिक काढा आणि `FLAGS` स्तंभ बघा. २ म्हणजे बिड बदलला, ४ म्हणजे फक्त आस्क बदलला, ६ म्हणजे दोन्ही. तिथे २,६०० पैकी १,९०० ओळी ४ च्या निघाल्या, तर काय झाले ते उघड आहे: दिवस बदलताना भाव देणाऱ्या बँका मागे सरल्या, उरलेल्यांनी स्प्रेड सारखा रुंद-अरुंद केला, आणि आस्कच्या त्या थरथरीतून दांडी उंच झाली. सौद्यांची गर्दी तर सोडाच, हा दिवसातला सर्वांत ओसाड तास. टिकच्या ओळींची एकूण संख्या आणि `TICKVOL` जुळतात का हेही इथेच बघून घ्या, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर आस्कच्या एकट्या हालचाली दांडीत धरल्या जातात की नाही हे नक्की कळेल.

जिथे टिकची मोजणी ठार आंधळी होते

१३ च्या कँडलचा प्रकार किती टोकाला जाऊ शकतो हे पाहायचे तर स्विस फ्रँककडे बघावे. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने जाहीर केले, की एका युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. पुढे २०१२ मध्ये युरोपातल्या कर्जसंकटामुळे लोक युरो टाकून फ्रँक घेत सुटले, आणि बँक ठरल्या भावाला युरो उचलत राहिली. त्या एका वर्षात तिने सुमारे १८८ अब्ज फ्रँकचे परकीय चलन विकत घेतले. आणि भाव? उन्हाळ्यात महिनोन्महिने १.२० च्या अगदी वर, जवळजवळ सरळ रेषेत. खरेदीचा आदेश खाल्ला जाई, तो त्याच भावाला पुन्हा भरला जाई, छापील भाव तसाच. भाव बदलला नाही तर टिक नाही. टिक मोजणाऱ्याला मेलेला बाजार दिसणार, अशी ही रचना होती, आणि त्याच वेळी त्या भावामागे एका मध्यवर्ती बँकेचा अवाढव्य पैसा ओतला जात होता.

१५ जानेवारी २०१५ ला बँकेने ती मर्यादा अचानक काढली तेव्हा उलट झाले. भाव कोसळला आणि कितीतरी वेळ घेणाराच कोणी नव्हता. अशा क्षणी जे भाव चार्टवर उमटतात, त्यांतले बरेच केवळ दाखवण्याचे असतात. त्या भावाला सौदा होत नाही. तरी त्या टिक मोजल्या जातात.

मोठी बातमी येते तेव्हा याचीच छोटी आवृत्ती घडते. अमेरिकेचे बरेच महत्त्वाचे आकडे न्यूयॉर्कच्या ८:३० ला, म्हणजे सर्व्हरवर १५:३० ला येतात. पहिल्या काही सेकंदांत भाव देणारे आपली रक्कम कमी करतात आणि भाव वेगाने बदलतात. टिकचा पूर येतो, पण प्रत्येक टिकमागची रक्कम एरवीपेक्षा कमी असू शकते. १५ ची कँडल अभ्यासायची असेल तर बातमीचे दिवस वेगळे काढा. साध्या दिवसांच्या मध्यकाशी त्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

लंडनच्या दुपारी ४ च्या फिक्सिंगबद्दल, म्हणजे त्या वेळी ठरणाऱ्या संदर्भभावाबद्दलही एक सूचना. मोठे फंड आपले सौदे त्या भावाला करतात, त्यामुळे तिथे खरी उलाढाल एकवटते. मोजणीची खिडकी २०१५ पासून पाच मिनिटांची आहे, ४ च्या आधी अडीच मिनिटे आणि नंतर अडीच. म्हणजे तासाच्या चार्टवर ती १७ आणि १८ अशा दोन कँडलमध्ये विभागली जाते आणि दोन्हींत पातळ होते. ती बघायचीच असेल तर एक मिनिटाचा चार्ट घ्या.

बाजार तोच, नळ बदलला

एकाच तासाला एका ब्रोकरकडे ५,२०० टिक आणि दुसऱ्याकडे १४,००० हे अगदी सामान्य आहे. दुसरा जास्त बँकांकडून भाव घेत असेल, किंवा पहिला भाव गाळून, सेकंदाला ठरावीक संख्येपर्यंतच पुढे पाठवत असेल. एकाच ब्रोकरच्या दोन प्रकारच्या खात्यांचे सर्व्हर वेगळे असले तर तिथेही आकडे वेगळे येतात. म्हणून 'व्हॉल्यूम ५,००० च्या वर गेले की सौदा घ्या' असा नियम कोणी दिला, तर तो कोणत्या ब्रोकरच्या कोणत्या सर्व्हरवरचा हे कळल्याशिवाय त्याला काडीचाही अर्थ नाही.

त्याहून त्रासदायक म्हणजे तुमचाच ब्रोकर न सांगता पुरवठादार बदलतो. ओळखायची रीत: प्रत्येक तासाचा वीस दिवसांचा मध्यक तारखेप्रमाणे रेषेने काढा. बाजार तापला तर काही तास वर जातात, काही तसेच राहतात, आणि पल्लाही वाढतो. पुरवठा बदलला तर एका ठरावीक सुमारास सगळे तास, रात्रीचे झोपाळू तासही, सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली सरकू लागतात आणि L मधला पल्ला मात्र जागचा हलत नाही. असा सांधा सापडला की त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ओळी एका मध्यकात मिसळू नका. बदलानंतरचे वीस दिवस भरेपर्यंत K वापरू नका.

मेटाट्रेडर ४ च्या हिस्टरी सेंटरमधून जुना डेटा उतरवला तर हा सांधा हमखास मिळतो, कारण तो डेटा मेटाट्रेडर बनवणाऱ्या मेटाकोट्स कंपनीचा असतो, तुमच्या ब्रोकरचा नसतो. जुन्या ओळी एका स्रोताच्या आणि ताज्या ओळी दुसऱ्याच्या, अशा जोडलेल्या डेटावर व्हॉल्यूमची बॅकटेस्ट केली, की सांध्यापाशी कमाईची रेषा अचानक वळते आणि माणूस आपल्या नियमात दोष शोधत बसतो.

इंडिकेटरचे काय

टिकवर उभारलेले इंडिकेटर वरचे सगळे दोष वारशाने घेतात, पण सारख्या प्रमाणात नाही. व्हीडब्ल्यूएपी, म्हणजे व्हॉल्यूमच्या वजनाने काढलेली भावाची सरासरी, त्यातल्या त्यात कमी बिघडते, कारण तिथे व्हॉल्यूम फक्त वजन म्हणून येते आणि दिवसभरात चुका काही अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. ऑन बॅलन्स व्हॉल्यूम ही चालती बेरीज असते, म्हणून तिच्यात चूक साचत जाते, आणि पुरवठा बदलला की जुनी बेरीज नव्या मापात मिसळून रेषा कायमची वाकते. मनी फ्लो इंडेक्समध्ये पैशाचे नाव आहे. टिकवर चालवला तर त्यात पैसा कुठेच नसतो.

सर्वांत जपून वापरायचे ते व्हॉल्यूम प्रोफाइल. सर्वाधिक उलाढाल कोणत्या भावाला झाली हे ते दाखवते असे मानले जाते. टिकवर ते दाखवते, की कोणत्या भावापाशी आकडा सर्वांत जास्त वेळा थरथरला. पण ज्या भावाला मोठा खरेदीदार ठाण मांडून बसतो, तिथे भाव थरथरत नाही, तो थिजतो. मग प्रोफाइलमध्ये त्या भावाला फुगवटा येण्याऐवजी खाच पडू शकते, आणि वाचणारा ती खाच 'इथे कोणाला रस नाही' अशी वाचतो. युरोचे प्रोफाइल पाहायचेच असेल तर `6E` वर काढा. भाव हजर बाजारापेक्षा काही पिपांनी सरकलेला दिसेल, कारण त्यात दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक असतो. तो फरक त्या दिवशी किती आहे हे दोन्ही चार्टवरच्या एकाच मिनिटाच्या बंद भावांची वजाबाकी करून काढा आणि पातळ्या तेवढ्याने सरकवून आपल्या चार्टवर आखा.